विषुववृत्ताजवळून उड्डाण: फायदा वेगाचा की कोनाचा?

वाटसरू_७१

नमस्कार मंडळी. एक हिशेब जुळत नाहीये म्हणून धागा काढतोय.

सोयूझ अग्निबाण पूर्वी फक्त रशियन तळांवरून आणि कझाकस्तानातल्या बैकोनूरहून उडायचा. २०११ ते २०२२ या काळात तो फ्रेंच गयानातल्या कुरूहूनही उडायचा. भूस्थिर उपग्रहांच्या हस्तांतरण कक्षेत, म्हणजे ज्याला सगळे जीटीओ म्हणतात तिथे, बैकोनूरहून साधारण १.७ टन वजन नेता यायचं. कुरूहून हाच आकडा ३ टनांच्या घरात गेला.

कारण सगळीकडे एकच दिलेलं असतं: कुरू विषुववृत्ताजवळ आहे, तिथे पृथ्वी जोरात फिरते, अग्निबाणाला फुकटचा वेग मिळतो. म्हणून हिशेब करून पाहिला. विषुववृत्तावर जमिनीचा पूर्वेकडचा वेग सेकंदाला ४६५ मीटर. दुसऱ्या अक्षांशावर त्याला कोसाइनने गुणायचं. कुरू ५.२ अंशांवर, म्हणून ४६३. बैकोनूर ४६ अंशांवर, म्हणून ३२३. फरक फक्त १४० मीटरचा. खालच्या कक्षेत फिरायलाच सेकंदाला ७.८ किलोमीटर लागतात आणि जीटीओला त्याहून अडीच किलोमीटर जास्त. एवढ्या मोठ्या रकमेत १४० मीटर वाचले, तर वजन पावणेदोन पट कसं होतं?

गोपाळ म.

चांगला प्रश्न. पण तुम्ही एक गोष्ट विसरलात. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे. तिथे आपण केंद्रापासून ध्रुवापेक्षा २१ किलोमीटर लांब असतो आणि गुरुत्वही कमी असतं. म्हणून विषुववृत्ताजवळून नेहमीच जास्त वजन जातं, कक्षा कुठलीही असो.

निशा_कक्षा

गोपाळराव, फुगवटा खरा आहे, पण त्याचा परिणाम इथे फार थोडा. बैकोनूर काही ध्रुवावर नाही, त्यामुळे २१ किलोमीटरचा पूर्ण फरकसुद्धा लागू होत नाही. आणि "कक्षा कुठलीही असो" हे तर मुळीच खरं नाही. खरा मुद्दा तिथेच दडलाय.

वाटसरू, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण प्रश्न वेगळ्या ठिकाणी विचारायला हवा. उपग्रह ज्या प्रतलात फिरतो ते प्रतल नेहमी पृथ्वीच्या केंद्रातून जातं. पृथ्वीच्या गोलावर एक रबरबँड ताणून लावा, असा की तो गोलाचे बरोबर दोन समान भाग करेल. आता तो बैकोनूरवरून जाऊ द्या. कसाही फिरवलात तरी त्याचं वरचं टोक ४६ अंशांच्या खाली येत नाही, कारण तो बैकोनूरला शिवतोय. याचाच अर्थ असा की बैकोनूरहून सरळ उडालेला उपग्रह ४६ अंशांपेक्षा कमी कलाच्या, म्हणजे विषुववृत्ताशी त्याहून लहान कोन करणाऱ्या, कक्षेत जाऊच शकत नाही. बरोबर पूर्वेकडे उडाला तर कल ४६ अंश. थोडाही उत्तरेला किंवा दक्षिणेला वळवला तर त्याहून जास्त.

प्रत्यक्षात बैकोनूरहून ४६ सुद्धा मिळत नाहीत. सरळ पूर्वेकडे उडवलं तर खालचे टप्पे चीनमध्ये पडतील. म्हणून थोडं ईशान्येकडे झुकवून उडवतात आणि कल ५१.६ अंश येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा कलही हाच आहे.

भूस्थिर कक्षेचा कल मात्र शून्य हवा. म्हणजे बैकोनूरच्या उपग्रहाला कधीतरी ५१.६ अंश वळावंच लागतं. कुरूच्या उपग्रहाला फक्त पाच-सहा अंश.

आणि आता फिरण्याच्या मदतीविषयी, कारण तिथेही एक गंमत आहे. जमिनीचा वेग पूर्वेकडे असतो. अग्निबाण ईशान्येला निघाला तर त्या वेगाचा फक्त त्या दिशेतला वाटा कामी येतो. हा वाटा मोजला की अक्षांश समीकरणातून चक्क निघून जातो. उरतं ते इतकंच:

```
मदत ≈ 465 × cos(i)
```

इथे i म्हणजे ज्या कक्षेत जायचंय तिचा कल. तुम्ही कुठून उडालात हे त्यात नाही.

वाटसरू_७१

थांबा, हे पचायला वेळ लागेल. म्हणजे अंतराळ स्थानकाकडे जायचं असेल, तर केप कॅनाव्हरल आणि बैकोनूर दोघांना सारखीच मदत? केप तर २८.५ अंशांवर आहे, तिथे जमीन ४०९ मीटर वेगाने फिरते.

निशा_कक्षा

हो, जवळजवळ सारखीच. करून बघा. ५१.६ अंशांचा कोसाइन ०.६२, म्हणजे दोघांनाही सुमारे २९० मीटर. केपची जमीन जास्त वेगाने फिरते खरी, पण तिथून स्थानकाकडे जाताना अग्निबाणाला जवळपास ४५ अंश ईशान्येकडे, अमेरिकेच्या किनाऱ्याच्या कडेकडेने जावं लागतं. त्यामुळे पूर्वेच्या वेगातला बराच भाग वाया जातो. बैकोनूरची जमीन हळू फिरते, पण तिथून दिशा पूर्वेला जास्त जवळ असते. दोन्ही गोष्टी एकमेकींना तंतोतंत कापतात. बारकाईने गणित केलं तर दोन-चार मीटरचा फरक निघतो, कारण बाजूने येणाऱ्या वेगाचा एक छोटा हिस्सा या सोप्या सूत्रात धरलेला नाही.

म्हणून अक्षांश कमी असण्याचा खरा अर्थ "जास्त वेग" असा नाही. कमी कलाच्या कक्षेचं दार उघडतं, एवढाच. त्या दारातून आत गेलात तर जास्त मदत मिळते. जायचंच नसेल, तर अक्षांशाचा उपयोग नाही.

फिरस्ता

मला हे कधीच कळलं नाही. हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरतेच ना? मग विमान पूर्वेला जाताना त्याला कुठे ४६५ मीटरची मदत मिळते? उलट मी ऐकलंय की वरच्या वाऱ्यांमुळे पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो. अग्निबाणालाही तेच वारे मदत करत असतील.

शरद_कु

फिरस्ता, विमानाला कुठल्या तरी विमानतळावर पोचायचं असतं, आणि तो विमानतळही पृथ्वीबरोबर फिरत असतो. म्हणून त्याचा वेग जमिनीच्या तुलनेत मोजायचा. उपग्रहाला जमिनीशी देणंघेणं नाही. त्याला पृथ्वीच्या केंद्राभोवती पडत राहायचंय, म्हणून त्याचा वेग केंद्राच्या तुलनेत मोजतात. त्या मापात तळावर उभा असलेला अग्निबाण आधीच धावतो आहे. वरच्या वाऱ्यांचा अग्निबाणाला फायदा नाहीच, त्रासच होतो. वारा उंचीनुसार झपाट्याने बदलत असेल तर सांगाड्यावर ताण येतो आणि उड्डाण पुढे ढकलावं लागतं.

निशा_कक्षा

शरदराव, नेमकं सांगितलंत. आता वाटसरूंच्या १.७ आणि ३ टनांकडे येते. कागद-पेन्सिल घेऊन बसा, फार नाही, चार पायऱ्या आहेत.

जीटीओ ही लांबट कक्षा. खालचं टोक पृथ्वीपासून दोनशे-एक किलोमीटरवर, वरचं टोक ३५,७८६ किलोमीटरवर. खालच्या टोकाला वेग दहा किलोमीटरच्या वर असतो, वरच्या टोकाला फक्त १.६ किलोमीटर. भूस्थिर कक्षेचा वेग ३.०७ किलोमीटर. म्हणजे वर पोचल्यावर इंजिन पुन्हा पेटवून उरलेला वेग द्यायचा.

वळायचं कामही तिथेच करतात, कारण तिथे उपग्रह सगळ्यात हळू असतो. खालच्या कक्षेत असताना ५१.६ अंश वळायचं ठरवलं तर त्यालाच ६.८ किलोमीटर लागतील, कक्षेत पोचायला लागतात जवळपास तितकेच. ते कुणालाच परवडत नाही. वर गेल्यावर वळणं आणि वेग वाढवणं एकाच ज्वलनात उरकता येतं. त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूचं सूत्र लावायचं: एक बाजू १.६, दुसरी ३.०७, मधला कोन म्हणजे कल.

कल शून्य असता तर खर्च १.४८ किलोमीटर. कुरूच्या ५.२ अंशांना १.४९. केपच्या २८.५ अंशांना १.८४. बैकोनूरच्या ५१.६ अंशांना २.४३.

बघा, पाच अंश वळणं जवळजवळ फुकट आहे. केपला थोडं दुखतं, बैकोनूरला फार. कुरू आणि बैकोनूरमध्ये ०.९४ किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय फिरण्याच्या मदतीत ४६३ आणि २८९ यांतला १७४ मीटरचा फरक. तुम्ही १४० धरले होते, कारण तुम्ही बैकोनूरहून सरळ पूर्वेला उडालात असं मानलं.

बैकोनूरहून जाताना वळणाचा हा जास्तीचा खर्च सोयूझचा वरचा टप्पा फ्रेगाट सोसतो, म्हणजे उपग्रहाला दोन्हीकडून सारखंच काम उरतं. आता वजन. कुरूहून जीटीओत ३ टनांचा उपग्रह आणि रिकामा फ्रेगाट साधारण १ टनाचा, मिळून ४ टन. फ्रेगाटच्या धुराचा वेग सेकंदाला ३.२ किलोमीटरच्या आसपास. याच ढिगाला आणखी ०.९४ किलोमीटर द्यायचे तर चारांतला चौथा हिस्सा इंधन म्हणून जळून जातो, उरतात ३ टन. १७४ मीटरसाठी आणखी पाच टक्के काढा: सुमारे २.८ टन. त्यातून रिकामा फ्रेगाट वजा केला की उपग्रहाला १.८ टन.

तुमचा आकडा १.७ होता. अंदाजपंचे हिशेबाला इतकं जवळ येणं पुरे.

आणि हेही लक्षात घ्या की फ्रेगाटचा तो रिकामा १ टन दोन्हीकडून सारखाच वजा होतो. म्हणून ढीग चारावरून २.८ वर आला, म्हणजे तीस टक्के घट, तरी उपग्रह मात्र तीनावरून १.८ वर येतो, म्हणजे चाळीस टक्के. तोटा नेहमी मालावरच पडतो, रिकाम्या टाकीवर नाही.

वाटसरू_७१

निशाताई, आता जुळलं! मी सगळा वेळ १४० मीटरमध्येच शोधत बसलो होतो. वळण्याचा खर्च माझ्या डोक्यातच नव्हता.

शरद_कु

हिशेब आवडला, पण एक शंका नोंदवून ठेवतो. कुरूहून उडणाऱ्या सोयूझचे दोन प्रकार होते आणि त्यांतल्या एकाच्या तिसऱ्या टप्प्याचं इंजिन जास्त ताकदीचं होतं. १.७ आणि ३ हे आकडे एकाच प्रकाराचे आहेत का, याची खात्री नसेल तर फरकातला काही भाग त्या इंजिनाचा असू शकतो. शिवाय १७४ मीटर तुम्ही पूर्णपणे फ्रेगाटच्या माथी मारलेत. प्रत्यक्षात ते खालच्या टप्प्यांमध्येही वाटले जातील, आणि तिथे त्यांची किंमत वेगळी पडते.

निशा_कक्षा

दोन्ही शंका रास्त. अक्षांशाचा वाटा मोठा आहे यावर मी ठाम आहे, पण १.३ टनांतला नेमका किती, हे या हिशेबातून सांगता येणार नाही.

तन्मय_कोड

मी अकरावीत आहे, कक्षा काढायचा छोटा प्रोग्राम लिहितोय. तळाचा अक्षांश आणि हवा असलेला कल दिला की कुठल्या दिशेला उडवायचं ते सांगतो. उत्तरेपासून पूर्वेकडे मोजायचं, म्हणजे ९० अंश म्हणजे सरळ पूर्व. केप आणि बैकोनूरला बरोबर चालतो. पण अ‍ॅस्ट्रोसॅट या आपल्या क्ष-किरण दुर्बिणींच्या उपग्रहासाठी चालवला तर कोलमडतो.

```python
import math
phi = math.radians(13.7)   # Sriharikota
i = math.radians(6)        # Astrosat
A = math.degrees(math.asin(math.cos(i) / math.cos(phi)))
```

```
ValueError: math domain error
```

अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर तपासलं. कंस तपासले. चूक कुठे आहे?

शरद_कु

चूक कुठेच नाही रे. भागाकार छापून बघ, १.०२ येईल. कुठल्याही कोनाचा साइन एकापेक्षा मोठा नसतो. निशाताईंनी रबरबँडचं जे सांगितलं तेच तुझा प्रोग्राम त्याच्या भाषेत म्हणतोय: १३.७ अंशांवरून ६ अंशांच्या कक्षेत जाणारी दिशा अस्तित्वातच नाही.

तन्मय_कोड

पण काका, अ‍ॅस्ट्रोसॅट तर गेला ना? २०१५ मध्ये पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहूनच ६ अंशांच्या कक्षेत नेला. आणि त्याच्या आधी २००७ मध्ये इटलीचा अजिले उपग्रह तर अडीच अंशांवर!

निशा_कक्षा

तन्मय, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हा आहे.

तुझ्या सूत्रात एक गृहीत लपलंय: तळावर दिशा धरली की अग्निबाण त्याच प्रतलात शेवटपर्यंत राहणार. नियम खरं तर तळाला लागू नाही, इंजिन बंद होण्याच्या जागेला लागू आहे. इंजिन शेवटचं बंद होताना उपग्रह ज्या अक्षांशावर असेल, त्याहून कमी कल मिळत नाही. तेव्हा ६ अंशांची कक्षा हवी असेल, तर शेवटचं ज्वलन विषुववृत्ताच्या ६ अंशांच्या आत संपायला हवं.

श्रीहरिकोट्यापासून तिथवर जायला दक्षिणेकडे साडेआठशे किलोमीटर जावं लागतं. म्हणजे अग्निबाणाला आधी आग्नेयेकडे काढायचं, आणि पुढच्या टप्प्यांत नाक हळूहळू पूर्वेकडे वळवायचं. दक्षिणेकडे जो वेग दिला तो पुढे मारावा लागतो, म्हणून हे महाग आहे. वळण जितक्या लवकर, म्हणजे वेग कमी असताना, होईल तितकं स्वस्त. पण फार लवकर वळलास तर अजून विषुववृत्तापासून लांब आहेस. या दोन ओढींच्या मधून वाट काढायची असते. कक्षेत पूर्ण वेगाने पोचल्यावर १३.७ वरून ६ वर यायचं म्हटलं तर सेकंदाला १ किलोमीटर लागेल, यावरून कल्पना कर.

एवढा खर्च कशासाठी? दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचा पट्टा खाली झुकलेला आहे आणि तिथले कण क्ष-किरण दुर्बिणींचे संवेदक आंधळे करतात. विषुववृत्ताला चिकटून फिरलं की त्या भागाची फक्त कड लागते. अमेरिकेच्या उहुरू उपग्रहाने १९७० मध्ये दुसरा मार्ग काढला होता. तो केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभ्या असलेल्या इटालियन मंचावरून उडाला, विषुववृत्तापासून तीन अंशांच्या आत. तिथे सरळ पूर्वेला उडवलं की काम झालं.

तुझ्या प्रोग्रामात एवढंच कर: भागाकार एकापेक्षा मोठा आला तर "सरळ दिशा नाही, वाटेत प्रतल बदलावं लागेल" असं छाप. कोलमडू देऊ नकोस, पण जबरदस्तीने ९० अंशही दाखवू नकोस.

गोपाळ म.

मग माझं म्हणणं बरोबरच ठरतं की. तामिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवा तळ होतोय, तो ८.४ अंशांवर आहे. श्रीहरिकोट्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ, म्हणूनच निवडला.

शरद_कु

गोपाळराव, तळ जवळ आहे हे खरं, पण निवडीचं कारण ते नाही. तिथून लहान एसएसएलव्ही अग्निबाण ध्रुवीय कक्षांकडे, म्हणजे दक्षिणेकडे, उडवायचे आहेत. निशाताईंचं सूत्र लावा. ध्रुवीय कक्षांतल्या सूर्यसमकालिक कक्षेचा कल ९७-९८ अंश, कोसाइन ऋण. ४६५ ला गुणलं की मदत उणे साठ-सत्तर मीटर. पृथ्वीचं फिरणं इथे उलट आड येतं, आणि कुलशेखरपट्टणम असो, श्रीहरिकोटा असो की रशियाचं ६३ अंशांवरचं प्लेसेत्स्क, तोटा सगळ्यांना सारखाच.

खरं कारण श्रीलंका. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला उडवता येत नाही, वाटेत श्रीलंका येते. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेकडे जातो आणि बेट मागे टाकल्यावर दक्षिणेला वळतो. त्या वळणाचा खर्च मोठ्या अग्निबाणाला झेपतो, लहानग्याला फार जड जातो. कुलशेखरपट्टणमहून दक्षिणेला नुसता समुद्र आहे.

गोपाळ म.

ध्रुवीय कक्षांपुरतं मान्य. पण उद्या तिथून पूर्वेकडे उडवलं तर?

शरद_कु

पूर्वेला तर श्रीलंकाच आहे. त्या दिशेला तिथून वाट नाही.

फिरस्ता

मग समुद्रात बरोबर विषुववृत्तावर जाऊन उडवणं सगळ्यात उत्तम नाही का? सी लाँचवाले करायचेच की. ते बंद का पडलं?

निशा_कक्षा

कोनाच्या दृष्टीने ती जागा सर्वोत्तमच होती. प्रशांत महासागरात, पश्चिम रेखांश १५४, अक्षांश शून्य. पण वरचे आकडे पुन्हा बघा: ५.२ अंशांवरून शून्यावर गेल्याने वळणाच्या खर्चात जेमतेम १३ मीटर वाचतात आणि फिरण्यातून २ मीटर. पहिले काही अंश फार स्वस्त असतात. म्हणून कुरूच्या तुलनेत त्यांना अक्षांशाचा फायदा नगण्य होता, आणि जहाज, मंच, समुद्रप्रवास हा खर्च वेगळा. २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, उड्डाणं २०१४ पर्यंत चालली. माझ्या मते अर्थकारणानेच ते बुडालं.

शरद_कु

इथे मी सहमत नाही. त्यांचा झेनिट अग्निबाण युक्रेनमध्ये बनायचा आणि त्याची इंजिनं रशियाची. २०१४ नंतर ती साखळीच तुटली. त्याआधी धंदा सावरला असता की नाही, हे आज सांगणं अवघड आहे. यावर वेगळा धागा काढायला हवा.

तन्मय_कोड

प्रोग्राम दुरुस्त केला. अजून एक चाचणी घेतली: इस्रायलचा पाल्माखिम तळ, अक्षांश ३१.९, ओफेक उपग्रहांचा कल सुमारे १४२ अंश. मदत उणे ३६६ मीटर आली, म्हणजे ते पृथ्वीच्या विरुद्ध जातात हे कळलं. शेजारी देशांवरून पूर्वेकडे उडवता येत नाही म्हणून. पण दिशा उणे ६८ अंश दाखवतोय. उणे दिशा म्हणजे काय?

शरद_कु

उत्तरेपासून पश्चिमेकडे ६८. ३६० मिळवलेस की २९२ होतील, म्हणजे वायव्य-पश्चिम. पण साइनला नेहमी दोन उत्तरं असतात, तुझा प्रोग्राम एकच देतो. दुसरं १८० मधून वजा करून येतं: २४८, नैर्ऋत्य-पश्चिम. दोन्ही दिशांना कल तोच, मदतही तीच. गणित दोघांत फरक करत नाही, तो नकाशा करतो. २४८ ने गेलास तर सिनाई आणि इजिप्तच्या डोक्यावरून जाशील. २९२ ने भूमध्य समुद्र लागतो. दोन्ही उत्तरं छापत जा.